गणितात एसडब्ल्यूआर ०.५ येतोय, मीटर २ दाखवतोय. कोण खोटं बोलतंय?

डिचोलीचो_भिकू · शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, नवशिक्या आहे, लायसन्स मिळून वर्षही झालं नाही, तेव्हा सांभाळून घ्या. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी एका भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियमचा बंद डबा मिळाला, चारी बाजूंनी पंख, एका टोकाला एन टाइप कनेक्टर, लेबल घासून गेलेलं. डमी लोड असणार म्हणून दीडशे रुपयांत घासाघीस न करता उचलला. घरी येऊन मल्टिमीटर लावला तर २५ ओहम. ५० असेल अशी आशा होती.

मग म्हटलं चला गणित तरी करूया, तर ते असं आलं:

```
Γ   = (25 - 50) / (25 + 50) = -0.333
SWR = (1 + Γ) / (1 - Γ)
    = (1 - 0.333) / (1 + 0.333) = 0.5
```

१४५ मेगाहर्ट्झवर ५ वॅट सोडून मीटर बघितला तर सुई २ च्या जरा पुढे, २.२ म्हणा. आता ०.५ आणि २ म्हणजे उलटसुलट आकडे आहेत एवढं मलाही दिसतंय, पण मग मायनस चिन्हाचं करायचं काय? आणि मला जे खरंच जाणून घ्यायचंय ते म्हणजे १०० ओहमचा लोड असता तरी गणितात २ च आला असता, मग मीटर बघून २५ आहे की १०० हे कळणार कसं?

---

फोंड्याची_ईटीसी · शनिवार, रात्री ९:५८

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, सूत्रात गॅमा नाही, गॅमाचा मोड घालायचा. चिन्ह टाकून द्यायचं. एसडब्ल्यूआर १ च्या खाली कधीच जात नाही. आमच्या व्हायवात हाच प्रश्न विचारतात आणि अर्धा वर्ग ०.५ सांगून येतो, मी पण त्यातलीच 😅

नुसता रेझिस्टन्स असेल तर गॅमा काढायचीसुद्धा गरज नाही, मोठा भागिले छोटा. ५० भागिले २५ पण २ आणि १०० भागिले ५० पण २.

---

सर्किट_सुभाष · शनिवार, रात्री १०:१५

भिकू, एसडब्ल्यूआर २ म्हणजे गॅमा ०.३३, म्हणजे तुझी ३३ टक्के पॉवर परत येऊन सेटच्या फायनलमध्ये जळतेय. तो डबा लगेच काढ. आणि ठेवायचाच असेल तर मध्ये केबलची लांबी कमीजास्त करून बघ, कुठेतरी एसडब्ल्यूआर १ वर येईल, मी करतो असं नेहमी. शिवाय मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नकोस, ते डीसी आहे, १४५ मेगाहर्ट्झला आत काय असेल देव जाणे, तिथे १०० ओहम पण असू शकतो.

---

वास्को_डिशवाला · शनिवार, रात्री १०:३१

माझ्याकडे पाऊस आला की टीव्हीचं चित्र फ्रीज होतं, केबल ७५ ओहमची आहे, हा एसडब्ल्यूआरचाच प्रॉब्लेम का?

---

फोंड्याची_ईटीसी · शनिवार, रात्री १०:३६

@वास्को_डिशवाला पावसात सिग्नल आकाशातच पातळ होतो हो, त्याचा इथे संबंध नाही. तुमची केबल ७५ ची आणि बॉक्सपण ७५ चाच. वेगळा धागा काढा ना.

---

तारवटी_सावर्डे · रविवार, सकाळी ६:५०

भिकू, २७ वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो, आता घरी माड मोजतो. तुझा दुसरा प्रश्न चांगला आहे म्हणून सकाळी सकाळी बसलो लिहायला.

आधी ते मायनस. फोंड्याची पोर म्हणते तसं एसडब्ल्यूआरसाठी ते टाकून द्यायचं हे बरोबर, पण टाकून देतो म्हणजे ते निरर्थक आहे असं नाही. उलट सगळी गंमत त्या चिन्हातच आहे.

समज तुझा सेट ५० ओहमच्या केबलमध्ये १५ व्होल्टची लाट ढकलतोय. केबलमध्ये चालणाऱ्या लाटेचा स्वभाव ठरलेला असतो, व्होल्टेज भागिले करंट पन्नासच. म्हणजे १५ व्होल्टबरोबर ०.३ अँपिअर. ही लाट चालत चालत टोकाला पोचते आणि तिथे बसलाय २५ ओहमचा रेझिस्टर. तो म्हणतो माझ्यावर व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर २५ च असायला पाहिजे, १५ आणि ०.३ मला चालत नाही. दोघांचंही समाधान व्हायला एकच वाट आहे, टोकापासून एक लाट उलटी निघायची. ती निघते ५ व्होल्टची, पण उलट्या चिन्हाची. मग टोकाला व्होल्टेज १५ वजा ५ म्हणजे १०. उलटी चालणारी, उलट्या चिन्हाची लाट असल्यामुळे तिचा करंट मात्र मिळतो, ०.३ अधिक ०.१ म्हणजे ०.४ अँपिअर. १० भागिले ०.४ किती? २५. रेझिस्टर खूश. तुझा गॅमा मायनस ०.३३ म्हणजे हेच, पंधरातले ५ उलटे होऊन परत.

आता १०० ओहम लावून बघ. तेच ५ व्होल्ट परत येतात पण सुलट्या चिन्हाचे. व्होल्टेज २०, करंट ०.२, भागाकार १००. परतलेली लाट तेवढीच मोठी, चिन्ह तेवढं वेगळं.

तुझा मीटर फक्त गेलेली लाट किती मोठी आणि आलेली किती मोठी एवढंच मोजतो. १५ आणि ५. चिन्ह त्याला दिसतच नाही. म्हणून मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

---

तारवटी_सावर्डे · रविवार, सकाळी ७:०५

आणि सुभाष, ३३ टक्के पॉवर नव्हे रे. ३३ टक्के व्होल्टेज. पॉवर वर्गाने जाते. वरच्याच आकड्यांत बघ, गेलेली पॉवर १५ गुणिले ०.३ म्हणजे साडेचार वॅट, परतलेली ५ गुणिले ०.१ म्हणजे अर्धा वॅट. नवातला एक भाग, ११ टक्के. लोडला पोचले १० गुणिले ०.४, पूर्ण ४ वॅट. हिशोब जुळला.

---

सर्किट_सुभाष · रविवार, सकाळी ९:२०

मान्य, वर्ग विसरलो. पण लांबीचं मी स्वतः केलेलं आहे काका. माझ्याकडे अँटेनाला एसडब्ल्यूआर २ होता, छोट्या जंपरच्या जागी १५ मीटर आरजी-५८ लावली, १.४ झाला. डोळ्यांनी बघितलंय, यात थिअरी काय करणार.

---

तारवटी_सावर्डे · रविवार, सकाळी ९:४५

बघितलंस ते खरं, कारण वेगळं आहे. तुझा १.४ मला अजिबात चुकीचा वाटत नाही. १४५ वर १५ मीटर आरजी-५८ साधारण निम्मी पॉवर खाते. जाताना निम्मी, परतताना पुन्हा निम्मी, म्हणजे परतलेल्या लाटेची पॉवर पाव राहिली आणि व्होल्टेज अर्धं. गॅमा ०.३३ चा झाला ०.१७, त्याचा एसडब्ल्यूआर येतो बरोब्बर १.४. अँटेनाकडे अजून २ च आहे. केबल गरम होतेय आणि मीटर खूश होतोय.

केबल चांगली असेल तर लांबी बदलून एसडब्ल्यूआर बदलत नाही. तुझ्या टोकाला दिसणारे ओहम बदलतात, ती निराळी गोष्ट, त्यावर येतो पुढे. न खाणाऱ्या केबलची लांबी बदलल्यावर मीटर इकडेतिकडे व्हायला लागला तर केबलच ५० ची नाही, नाहीतर करंट जाळीच्या बाहेरच्या अंगाने खाली वाहतोय, नाहीतर मीटरच रद्दी आहे.

---

डिचोलीचो_भिकू · रविवार, दुपारी १२:१०

काका देव बरें करूं. १५-५ वालं डोक्यात शिरलं, वहीत उतरवून घेतलंय.

पण मग सुभाषदादा म्हणतात ते, की डीसीला २५ आणि १४५ ला १०० असं असेल तर? मी ते मीटरने कसं पकडू? नॅनो व्हीएनए नाहीये माझ्याकडे, आणि डबा रिव्हेट मारून बंद केलेला आहे, उघडायला गेलो तर पंख तुटतील.

---

तारवटी_सावर्डे · रविवार, दुपारी १:३०

दुसरा एक चांगला, ओळखीचा ५० ओहमचा डमी लोड आहे का? आणि एक टी कनेक्टर? मग जुनी युक्ती आहे. डब्याच्या तोंडाशीच टी लाव आणि दुसऱ्या फाट्यावर तो ५० चा लोड. दोन्ही पॅरलल झाले. डबा १०० चा असेल तर १०० आणि ५० मिळून ३३, एसडब्ल्यूआर १.५, म्हणजे सुई खाली येणार. डबा २५ चा असेल तर २५ आणि ५० मिळून साडेसोळाच्या वर काहीतरी, एसडब्ल्यूआर ३, सुई वर चढणार. चिन्ह मीटरला दिसत नाही, पण असं बोट लावल्यावर कुठल्या बाजूला सरकतं ते दिसतं.

प्रत्येक वेळी मीटर फॉरवर्डवर ठेवून सुई फुल स्केलला आण आणि मगच रिफ्लेक्टेडवर बघ. एसडब्ल्यूआर ३ ला तुझा सेट स्वतःहून पॉवर कमी करेल, आधीच्याच सेटिंगवर वाचलंस तर खोटा आकडा येईल.

---

डिचोलीचो_भिकू · रविवार, संध्याकाळी ७:५५

केलं!!! एसडब्ल्यूआर आला १.६. खाली आला. म्हणजे डबा १०० ओहमचा. सुभाषदादा जिंकले, मल्टिमीटर २५ दाखवतो आणि १४५ ला १०० आहे.

---

सर्किट_सुभाष · रविवार, रात्री ८:०२

बघा. मी म्हटलं होतं.

---

फोंड्याची_ईटीसी · रविवार, रात्री ८:२०

पण हे कसं शक्य आहे? आत चार १०० चे रेझिस्टर पॅरलल असतील तर डीसीला २५. १४५ ला वायरच्या तुकड्यांचं इंडक्टन्स वाढेल, कपॅसिटन्स येईल, मान्य, पण मग लोड शुद्ध रेझिस्टन्स राहणार नाही आणि एसडब्ल्यूआर आरामात ३-४ ला जाईल. नेमका १०० ओहम, नेमका एसडब्ल्यूआर २ च्या आसपास, हा फारच गोड योगायोग वाटतो मला.

---

तारवटी_सावर्डे · रविवार, रात्री ९:१०

पोरी, शाब्बास. भिकू, खरं सांग, टी डब्याच्या तोंडाशी लावलास की मध्ये काही होतं?

---

डिचोलीचो_भिकू · रविवार, रात्री ९:२५

मध्ये एक छोटा पिगटेल होता काका. डब्याला एन टाइप आहे आणि माझा टी साधा यूएचएफवाला, बसतच नाही एकमेकांत. म्हणून एन ते पीएलचा आरजी-५८ चा तुकडा होता तो लावला. फूटभरच आहे, ३० सेंटीमीटर. एवढ्याशाने काय होतंय?

---

तारवटी_सावर्डे · रविवार, रात्री ९:५०

तिथेच सगळं झालं बाबा 😀

१४५ मेगाहर्ट्झची लाट हवेत २.०७ मीटर. आरजी-५८ मध्ये ती ६६ टक्के वेगाने चालते, म्हणजे केबलमधली लांबी १.३७ मीटर. तिचा पाव भाग काढ, ३४ सेंटीमीटर. तुझा ३० चा पिगटेल, त्यात दोन्ही टोकांच्या कनेक्टरांची लांबी मिळव. तू नकळत जवळजवळ अचूक पाव लाटेचा तुकडा मध्ये घातलास.

मघाचे आकडे घे. डब्याच्या तोंडाशी १५ ची जाणारी आणि उलट चिन्हाची ५ ची येणारी, मिळून १०. आता तिथून पाव लाट मागे ये. तिथून निघालेली लाट डब्यापर्यंत पाव चालली, परत येताना आणखी पाव, एकूण अर्धी लाट उशीर. अर्धी लाट उशीर म्हणजे चिन्ह पुन्हा उलटं. तिथे ५ व्होल्ट वजा होत नाहीत, मिळतात. १५ अधिक ५, वीस व्होल्ट. करंट ०.३ वजा ०.१, ०.२. भागाकार १००.

तेव्हा टी च्या जागी खरोखरच १०० ओहम आहेत. तुझं माप खोटं नाही, तू मोजलंस ते ठिकाण वेगळं. डबा २५ चा आहे आणि पिगटेलच्या दुसऱ्या टोकाला तो १०० चा दिसतो. सुभाष ज्याला लांबी बदलून बघ म्हणतो त्यात खरं असलेलं हेच. लांबीने ओहम बदलतात. एसडब्ल्यूआर केबलभर २ च, कारण केबलवर सगळ्यात जास्त व्होल्टेज २० आणि सगळ्यात कमी १०, आणि ह्या दोघांचं गुणोत्तर म्हणजेच एसडब्ल्यूआर.

पिगटेल आणखी तेवढाच लांब केलास, ६८ सेंटीमीटर, तर पुन्हा २५ दिसेल.

---

फोंड्याची_ईटीसी · रविवार, रात्री १०:०५

ओह म्हणजे लॅबमध्ये व्हीएनए कॅलिब्रेट करताना केबलच्या टोकाला करा, मशीनच्या पोर्टला नको, असं ओरडतात ते यासाठी! पोर्टला कॅलिब्रेट करून पुढे केबल लावली की स्मिथ चार्टवर २५ वाला ठिपका डावीकडून फिरून उजवीकडे जातो. वर्तुळ तेच, जागा वेगळी. मी आजवर ते नुसतं पाठ केलेलं.

---

डिचोलीचो_भिकू · रविवार, रात्री १०:४०

डोकं गरगरलं पण मजा आली. मग आता पिगटेल न काढता खरं कसं काढू? एन टाइपचा टी इथे मिळत नाही, ऑनलाइन मागवला तर चवथीनंतर येईल.

---

तारवटी_सावर्डे · सोमवार, सकाळी ६:४०

फ्रिक्वेन्सी उतरव. ७ मेगाहर्ट्झला केबलमधली लाट २८ मीटरची. तिच्यापुढे तुझा ३४ सेंटीमीटरचा पिगटेल म्हणजे काहीच नाही, डब्याच्या तोंडाशीच टी लावल्यासारखं. कोणाकडे एचएफचा सेट असेल तर जा घेऊन. मीटरही एचएफचा लाव, तुझा व्हीएचएफचा तिथे काही दाखवणार नाही.

---

बेतूल_ट्रॉलर · सोमवार, दुपारी ३:१५

नमस्कार, वाचत होतो, सगळं कळलं नाही पण काका जहाजावरचे म्हणून विचारतो. आमच्या ट्रॉलरवर मरीन व्हीएचएफ आहे, २५ वॅट. गेल्या सीझनला किनारा दिसत असताना पण जेटीवरचा माणूस म्हणायचा आवाज तुटतो. मेकॅनिक येऊन मीटर लावून गेला, एसडब्ल्यूआर १.३ आला, म्हणाला फर्स्टक्लास आहे, सेट बदला. सेट बदलला, हजारो रुपये गेले, फरक शून्य. सुभाषभाऊंच्या केबलचं वाचून शंका आली.

---

तारवटी_सावर्डे · सोमवार, दुपारी ४:००

शंका बरोबर आली. केबल किती जुनी? वरचा कनेक्टर टेपने झाकलेला का?

एक कर. वर चढून अँटेना सोडव, केबलचं टोक उघडं ठेव. खाली सेट १ वॅटच्या लो पॉवरवर, चॅनल १६ सोडून दुसरा रिकामा चॅनल, आणि दोन सेकंदच दाब. उघड्या टोकावरून सगळीच्या सगळी लाट परत यायला पाहिजे, मीटरची सुई पार शेवटच्या टोकाला आपटायला पाहिजे. आपटली तर केबल ठीक. नाही आपटली तर केबल पॉवर खातेय. काय आकडा येतो तो लिही.

---

बेतूल_ट्रॉलर · मंगळवार, सकाळी ११:२०

केलं काका. अँटेना नसताना मीटर १.९ दाखवतो! वर काहीच नाही तरी मीटर म्हणतो बरं चाललंय.

---

तारवटी_सावर्डे · मंगळवार, दुपारी १२:०५

तर ऐक. एसडब्ल्यूआर १.९ म्हणजे गॅमा ०.३१. वर उघड्या टोकाला तो १ होता, खाली येईपर्यंत ०.३१ उरला. म्हणजे जाऊन येऊन लाटेचं व्होल्टेज तिसऱ्या हिश्शाहून कमी उरतं. आणि ह्याचा दुसरा अर्थ असा की नुसतं वर जाताना पॉवरचासुद्धा तेवढाच हिस्सा उरतो, तुझ्या २५ वॅटमधले जेमतेम ८ वर पोचतात. बाकी केबल तापवतात.

आता मेकॅनिकचा तो १.३. त्याचा गॅमा ०.१३. तो पण खाली मोजलेला, वाटेत मार खाल्लेला. वर खरा किती होता ते काढायला ०.१३ ला ०.३१ ने भाग, ०.४२ येतो. एसडब्ल्यूआर २.४. म्हणजे अँटेनासुद्धा ठीक नाही, पण केबलने ते झाकून टाकलं. अँटेना काही शुद्ध रेझिस्टन्स नसते, पण ह्या हिशोबाला त्याने फरक पडत नाही, इथे फक्त लाटेचा आकार लागतो.

केबल कापून बघ वरून हातभर.

---

सर्किट_सुभाष · मंगळवार, दुपारी १:१०

काका, हे सगळं पटलं. पण परतलेली पॉवर सेटमध्ये जळत नाही असं तुम्ही म्हणताय का? कारण माझा एक सेट खरंच असाच गेलाय, एसडब्ल्यूआर २.५ होता.

---

तारवटी_सावर्डे · मंगळवार, दुपारी २:३०

मी तसं म्हटलेलं नाही, आणि तू म्हणतोस तसंही नाही. परतलेला अर्धा वॅट सेटमध्ये शिरून तसाच्या तसा उष्णता होतो असं मानलं तर हिशोब बऱ्याच वेळा जुळत नाही. सेटला दिसतात फक्त ओहम. त्याच्या टोकाला २५ दिसले तर ट्रान्झिस्टरमधून करंट जास्त ओढला जाईल, १०० दिसले तर व्होल्टेज वर चढेल. एसडब्ल्यूआर दोन्हीकडे २. कुठला सेट कशाला रडेल हे त्याच्या आउटपुट सर्किटवर, आणि तुझ्या केबलची लांबी त्याला कुठले ओहम दाखवते त्यावर. तुझा सेट नेमका कशाने गेला ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

---

सर्किट_सुभाष · मंगळवार, दुपारी २:४१

म्हणजे कधीकधी जळतो. मी त्यालाच जळतो म्हणतो 🙂

---

डिचोलीचो_भिकू · बुधवार, रात्री ९:१५

साखळीला एका ओळखीच्या काकांकडे एचएफ सेट होता, तिथे गेलो डबा, पिगटेल, टी सगळं घेऊन. त्यांनी चहा आणि बिस्किटं पुढे ठेवली आणि स्वतःच मीटरसमोर बसले, मला हात लावू देईनात. ७.१ मेगाहर्ट्झ, ५ वॅट.

नुसता डबा पिगटेलसकट: २.०
टी लावून ५० च्या लोडबरोबर: ३.०

वर चढला. डबा २५ चाच! १४५ ला त्याच पिगटेलने त्याच टी ने १.६ आणि ७ ला ३. एकाच वस्तूची दोन उत्तरं, काका तुम्ही सांगितलं नसतं तर मी मीटर विकून टाकला असता.

पण एक खुपतंय. ७ ला नुसता डबा बरोब्बर २.० आणि १४५ ला २.२. टी वालं पण १.५ च्या जागी १.६. हा वरचा ०.२ कुठून येतो?

---

फोंड्याची_ईटीसी · बुधवार, रात्री ९:४०

आतल्या रेझिस्टरच्या पायांचं इंडक्टन्स असेल. समज एकूण १० नॅनोहेन्री, १४५ ला ते ९ ओहम रिॲक्टन्स झाला. २५ ला तो जोडून काढलं मी आत्ता, एसडब्ल्यूआर २.१ येतो. थोडं जास्त असेल तर २.२ ला पोचेल. १.६ साठी पिगटेल नेमका ३४ नसून एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे असेल ते पण धरावं लागेल, आणि टी ची स्वतःची लांबी.

---

तारवटी_सावर्डे · गुरुवार, सकाळी ६:३०

असू शकतं. मीटरचीच चूकही असू शकते, साध्या मीटरचा २.० आणि २.२ मधला फरक मी तरी कधी शपथेवर सांगितला नसता. डबा न उघडता हे सुटणार नाही, आणि डबा उघडू नकोस. चार रेझिस्टर पॅरलल असतील ही पण आपली कल्पनाच आहे.

वापरायचाच असेल तर पिगटेल तसाच ठेव, टी वर दुसरा १०० ओहमचा लोड लाव. टी च्या जागी तुझा डबा १०० चा दिसतो, १०० आणि १०० मिळून ५०. फक्त १४५ च्या आसपासच चालेल हं, ७ ला लावलास तर २५ आणि १०० मिळून २०, एसडब्ल्यूआर अडीच.

---

बेतूल_ट्रॉलर · गुरुवार, संध्याकाळी ५:०५

काका, वरून हातभर कापली. जाळीचं तांबं काळंठिक्कर, पिळलं तर पाण्याचे थेंब पडले. आणखी दोन हात कापली, तिथे पण काळी. मधला दांडा तेवढा लाल आहे. किती कापत जाऊ?

---

तारवटी_सावर्डे · गुरुवार, संध्याकाळी ५:२०

कापू नकोस. पूर्ण बदल, खालपर्यंत. नवी घातल्यावर वरचं टोक उघडं असतानाच एकदा मीटर लाव आणि तो आकडा सेटच्या बाजूला मार्करने लिहून ठेव, पुढच्या पावसानंतर परत मोजायला.